चंद्रापर्यंत उसाच्या ट्रॉल्या

मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्राचा अर्थसंकल्प विधानसभेत मांडला गेला. मांडणारे अर्थमंत्री होते बारामतीचे आमदार अजित पवार. त्या अर्थसंकल्पात २०२५-२६ या वर्षाची राजकोषीय तूट धरली होती १,३६,२३५ कोटी रुपये. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात हा आकडा ठळक छापून आला, लोकांनी वाचला आणि पान उलटलं. त्यात लोकांची चूक नाही. लाख-दोन लाखांचं पीककर्ज डोक्यावर असलेल्या माणसाला लाख कोटी म्हणजे नुसते शून्यच दिसणार.

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत रकमेची कल्पना यावी म्हणून एक माप आयतं तयार आहे, ते म्हणजे ऊस. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचे कर्मयोगी आणि नीरा-भीमा, एवढे सहकारी कारखाने या पट्ट्यात उभे आहेत, आणि टनाला किती मिळाले हे इथे शाळेतलं पोरही सांगतं. केंद्राने २०२५-२६ च्या हंगामासाठी एफआरपी ठरवली टनाला ३,५५० रुपये, सव्वादहा टक्के उताऱ्याला. तोडणी-वाहतूक वगैरे वजावट बाजूला ठेवू आणि तूट या दराने भागू. उत्तर येतं ३८ कोटी ३७ लाख टन. सगळा महाराष्ट्र चांगल्या हंगामात साधारण साडेदहा-अकरा कोटी टन ऊस गाळतो. म्हणजे राज्यातल्या प्रत्येक कारखान्याने साडेतीन हंगाम गाळप करायचं, एका शेतकऱ्यालाही एक रुपया द्यायचा नाही, सगळं बिल सरकारला द्यायचं, तेव्हा कुठे एका वर्षाची तूट भरून निघेल.

आता तो ऊस रस्त्यावर आणू. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांत मिळून वीस टन, आणि पुढच्या गाडीशी थोडं अंतर धरून जागा वीस मीटर. असे १ कोटी ९२ लाख ट्रॅक्टर लागतील. भिगवण रस्त्यावर एकामागे एक उभे केले तर रांग होते ३ लाख ८३ हजार ७६० किलोमीटरची. पृथ्वीपासून चंद्राचं सरासरी अंतर ३ लाख ८४ हजार ४०० किलोमीटर आहे. साडेसहाशेक किलोमीटर कमी पडतात, साधारण बारामती ते नागपूर एवढे. बाकी रांग चंद्राला टेकली.

ही झाली एका राज्याची, एका वर्षाची तूट. राज्याच्या डोक्यावरचं एकूण कर्ज त्या वर्षाअखेर ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असा अंदाज त्याच अर्थसंकल्पात होता. त्याची रांग चंद्राला जाऊन-येऊन तीन फेऱ्या करून वर पुन्हा बरीच उरते. केंद्र सरकारची २०२५-२६ ची तूट धरली होती १५ लाख ६९ हजार कोटी. ती मात्र मी ट्रॉल्यांत भरत नाही, ती सेकंदांत मोजू. वर्षाचे सगळे सेकंद घेतले, रात्रीचे, रविवारचे, दिवाळीचेसुद्धा, तर दर सेकंदाला केंद्राला जवळजवळ पाच लाख रुपये कमी पडतात. हे वाक्य वाचून होईपर्यंत दहा-पंधरा लाख उसने झाले.

तूट म्हणजे काय, याच्या व्याख्या-बिख्येत शिरायला नको. कर, शुल्क आणि इतर येणं मिळून जेवढं जमतं त्यापेक्षा जास्त खर्च केला, तर मधला फरक उसना आणावा लागतो. तोच तुटीचा आकडा. महाराष्ट्राच्या १,३६,२३५ कोटींत ४५,८९१ कोटी ही महसुली तूट होती. म्हणजे उसन्या पैशांपैकी तिसरा हिस्सा पगार, पेन्शन, अनुदानं, व्याज अशा रोजच्या खर्चाला गेला. उरलेले दोन हिस्से कालवे, रस्ते, पूल अशा मागे काहीतरी ठेवणाऱ्या कामांचे. पारावर गप्पा चालतात त्या लाडक्या बहिणीच्या पैशांवर. त्या योजनेची त्या वर्षाची तरतूद होती ३६ हजार कोटी. जुन्या कर्जाच्या व्याजाची तरतूद होती सुमारे ६५ हजार कोटी, जवळजवळ पावणेदोन पट. तिच्यावर वाद घालताना मी तरी कोणाला ऐकलं नाही, कारण व्याज कोणाच्या खात्यात पंधराशे रुपये म्हणून जमा होत नाही.

पण मला इथे सरकारच्या हिशेबापेक्षा बाकीच्यांचा हिशेब सांगायचा आहे. हे पैसे येतात कुठून आणि ते सरकारकडे गेल्यावर मागे उरलेल्यांना कोणत्या भावाने मिळतात, हा खरा प्रश्न आहे.

सरकार कर्ज काढतं ते लिलावात. केंद्राच्या रोख्यांचा लिलाव सहसा शुक्रवारी असतो, राज्यांचा मंगळवारी. दोन्ही रिझर्व्ह बँक चालवते, ई-कुबेर नावाच्या संगणक प्रणालीवर. बाजार समितीत ओरडून भाव चढवतात तसं इथे काही नाही. बँका, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी सकाळी तासाभरात आपापली बोली नोंदवतात: इतके कोटी देऊ, इतकं टक्के व्याज हवं. मग सगळ्यात कमी व्याज मागणाऱ्यापासून यादी लावायची आणि हवी तेवढी रक्कम भरेपर्यंत खाली उतरत जायचं. जिथे रक्कम पूर्ण होते तो त्या दिवसाचा दर.

एक उदाहरण सोडवून बघू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. एका राज्याला दहा वर्षांसाठी हजार कोटी हवेत. ३०० कोटी देणारे ७.१० टक्के मागतात, ४०० कोटीवाले ७.१४ टक्के, ५०० कोटीवाले ७.१८ टक्के आणि आणखी ४०० कोटीवाले ७.२४ टक्के. पहिल्या दोघांचे मिळून सातशे झाले, तिसऱ्याचे तीनशे घेतले की हजार पूर्ण. दर ठरला ७.१८. आता त्याच दिवशी, त्याच देणाऱ्यांकडून राज्याला दीड हजार कोटी हवे असते तर? तिघांचे बाराशे पुरत नाहीत, चौथ्याच्या दारात जावं लागतं, आणि दर ७.२४ होतो. बाजारात या फरकाला सहा बेसिस पॉइंट म्हणतात. दीड हजार कोटींवर सहा बेसिस पॉइंट म्हणजे वर्षाला ९० लाख, आणि दहा वर्षांचे नऊ कोटी. देणारे तेच, दिवस तोच. फक्त मागणारा जास्त मागायला लागला.

हे एका राज्याचं. सगळ्या राज्यांनी मिळून २०२४-२५ मध्ये बाजारातून १० लाख कोटींच्या वर कर्ज उचललं. केंद्राचा २०२५-२६ चा ठरवलेला आकडा १४ लाख ८२ हजार कोटींचा. यात जुनी कर्जं फेडायला घेतलेली नवी कर्जंही आली, पण लिलावात बोली लावणाऱ्याला त्याचं काय? त्याच्यापुढे दर आठवड्याला साधारण ४७-४८ हजार कोटींचा माल येऊन पडतो.

एवढा पैसा देशात आहे का? घरांची बचत बघू. बँकेतल्या ठेवी, विमा, भविष्य निर्वाह निधी, शेअर, म्युच्युअल फंड हे सगळं धरून त्यातून लोकांनी स्वतः घेतलेली कर्जं वजा केली की घरांची निव्वळ आर्थिक बचत निघते. २०२३-२४ मध्ये ती देशाच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांच्या आसपास होती. त्याच वर्षी केंद्राची तूट होती ५.६ टक्के आणि राज्यांची मिळून जवळजवळ ३ टक्के. देशातल्या प्रत्येक घराने साठवलेलं सगळं सरकारांना दिलं तरी पुरत नाही. बाकीचं कंपन्यांच्या शिलकीतून, परदेशातून येणाऱ्या भांडवलातून भरतं. आणि त्याच तळ्यावर कारखाने, गृहकर्जवाले, ट्रॅक्टरवाले, दुकानदार असे सगळे पाण्याला येतात.

सरकार रांगेत पहिलं उभं असतं ते काही केवळ दांडगाईने नाही, कायद्यानेच त्याची जागा राखलेली आहे. बँकेत शंभर रुपये ठेव आली की त्यातले १८ रुपये सरकारी रोखे, सोनं किंवा रोख या रूपात ठेवावे लागतात. व्यवहारात ते बहुतेक रोखेच असतात. गावातल्या सहकारी बँकेलाही हे लागू आहे. अठरा टक्के आज कोणाला फारसे जाचत नाहीत. १९९१ साली काय होतं ते ऐका. तेव्हा ही टक्केवारी साडेअडतीस होती. रिझर्व्ह बँकेकडे बिनकामाची ठेवायची रोख १५ टक्के, आणि नव्या ठेवींवर आणखी दहा. बँकेत नव्याने आलेल्या शंभर रुपयांतले साडेत्रेसष्ट रुपये दारातूनच परस्पर निघून जात. उरलेल्या साडेछत्तीस रुपयांत शेती, कारखाने, व्यापार सगळं बसवायचं, म्हणून कर्जाचा दर वीस टक्क्यांच्या आसपास गेला होता. सरकार स्वतः मात्र बाजारापेक्षा कमी दराने घेत होतं, कारण बँकांना दुसरा पर्यायच ठेवला नव्हता. त्या काळात धंद्यात असलेला कोणताही जुना आडत्या हे व्याज अजून बोटांवर सांगेल.

आता तसं उघडं हिसकावून घेणं राहिलेलं नाही. आता भावाने होतं, आणि म्हणून ते पटकन दिसत नाही. २०२५ हे वर्ष त्यासाठी बघण्यासारखं आहे. फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहावरून सव्वापाचवर आणला, सव्वा टक्क्याने खाली. महागाई तर कधी नव्हे इतकी उतरली. ऑक्टोबरमध्ये ग्राहक किमतींची वाढ पाव टक्का होती. अशा वेळी दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा दरही टक्काभर उतरायला हवा. जानेवारीत तो पावणेसातच्या आसपास होता, वर्षाअखेर ६.६ च्या आसपास. सव्वा टक्क्याच्या कपातीतलं जेमतेम दीड दशांश पोचलं. जूनमध्ये अर्ध्या टक्क्याची मोठी कपात झाल्यावर तर हा दर खाली यायच्या ऐवजी चढत गेला. राज्यांचे रोखे त्याहून महाग, सव्वासातच्या वर.

सगळं खापर तुटीवर फोडणं बरोबर होणार नाही. रुपया घसरत होता, तो सावरताना रिझर्व्ह बँक डॉलर विकत होती आणि त्यातून बाजारातले रुपये आटत होते. दरकपातीचं पर्व आता संपत आलं, असंही व्यापाऱ्यांनी धरलं होतं. पण महागाई पाव टक्का असताना दर का उतरत नाही, याचं मोठं उत्तर मालाच्या आवकेतच होतं. राज्यं लांब मुदतीचे रोखे भरमसाट आणत होती आणि ते घेणाऱ्या विमा व पेन्शनवाल्यांची भूक मंदावली होती. ऑगस्टमध्ये जीएसटी कमी होणार असं पंतप्रधानांनी जाहीर केलं, तेव्हा ग्राहक खूश झाले आणि रोख्यांचा बाजार पडला, कारण करात सूट म्हणजे उद्या आणखी रोखे, एवढंच तिथे दिसलं. शेवटी डिसेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेला स्वतः एक लाख कोटींचे रोखे बाजारातून विकत घ्यायचं जाहीर करावं लागलं, आणि त्याच महिन्यात पुन्हा आणखी.

यात एक गंमत आहे, आणि ती महाराष्ट्राच्या दृष्टीने फारशी गमतीची नाही. महाराष्ट्राचं कर्ज २०२५-२६ च्या अंदाजात राज्याच्या उत्पन्नाच्या १९ टक्क्यांच्या आत होतं. काही राज्यं याच्या दुपटीच्या पुढे गेली आहेत. कोणताही सावकार दोघांना वेगळा दर लावेल. रोख्यांच्या लिलावात मात्र सगळ्या राज्यांना जवळजवळ एकच भाव मिळतो, कारण राज्य कोणतंही असो, मागे केंद्र आणि रिझर्व्ह बँक उभी आहे असं देणारे धरून चालतात. त्यामुळे हिशेबी राज्याला शाबासकी मिळत नाही आणि उधळ्याला चपराक बसत नाही. एकाने आणलेल्या जादा मालाचा भाव सगळ्यांनी सोसायचा.

आता हे इंदापूरच्या शेतापर्यंत कसं येतं? सगळीकडे सारखं येत नाही. ज्याचं गृहकर्ज रेपोला जोडलेलं आहे त्याचा हप्ता २०२५ मध्ये खरोखर कमी झाला. जिल्हा बँकेतून सोसायटीमार्फत तीन लाखांपर्यंत पीककर्ज घेऊन वेळेत फेडणाऱ्याला तर व्याजच पडत नाही. ते व्याज सरकार भरतं, म्हणजे ते पुन्हा तुटीत जाऊन बसतं, हे वेगळं सांगायला नको. पण ट्रॅक्टर घेणारा अनेकदा बँकेकडे जात नाही, तो फायनान्स कंपनीकडे जातो. ती कंपनी लोकांकडून बचत खाती उघडून घेऊ शकत नाही. ती स्वतः रोखे काढून किंवा बँकेचं कर्ज घेऊन पैसा उभा करते. तिच्या रोख्याचा दर ठरतो सरकारी रोख्याच्या दरावर काहीतरी चढवून, कारण देणारा विचारतो की सरकार न बुडण्याच्या खात्रीने एवढं देतंय, तुला मी का देऊ? सरकारी दर उतरला नाही तर तिचाही उतरत नाही, आणि ट्रॅक्टरवाल्याचाही नाही. सात लाखांचं कर्ज, पाच वर्षांची फेड: बारा टक्क्यांनी महिन्याचा हप्ता १५,५७१ रुपये, तेरा टक्क्यांनी १५,९२७. पाच वर्षांत साडेएकवीस हजारांना थोडा कमी फरक. एफआरपीने मोजला तर सहा टन ऊस, एका टक्क्यापायी.

तालेवार बँकवालाही हेच गणित करतो. बारामती एमआयडीसीतला लहान कारखानदार यंत्रासाठी चाळीस लाख मागायला आला, तर त्याचे ताळेबंद वाचायचे, तारण तपासायचं, बुडीतासाठी तरतूद ठेवायची. राज्याचा रोखा घेतला तर सव्वासात टक्के घरबसल्या. म्हणून कारखानदाराला मिळणारा दर त्याच्या पुष्कळ वर राहतो, किंवा ‘कागदपत्रं पूर्ण करा’ म्हणून तो चार चकरा मारत राहतो. कर्ज नाकारलं गेल्याची कुठे नोंद होत नाही, म्हणून हा भाग मोजायला सगळ्यात अवघड.

हे दरवेळी घडतंच असंही नाही. २०२०-२१ मध्ये केंद्राची तूट ९.२ टक्क्यांवर गेली, तरी दहा वर्षांच्या रोख्याचा दर सहा टक्क्यांच्या आसपासच राहिला. करोनात बाकी कोणी कर्ज मागायलाच येत नव्हतं, आणि रिझर्व्ह बँकेने तीन लाख कोटींहून जास्त रोखे स्वतः घेतले होते. रांगेत एकटा माणूस असेल तर तो कितीही आडदांड असला तरी कोणाला ढकलणार? ढकलाढकली होते ती सगळ्यांना एकाच वेळी पैसा हवा असतो तेव्हा.

साखर पट्ट्यात तशी वेळ दरवर्षी ठरलेली असते. गाळप नोव्हेंबरला सुरू होतं आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतं. कायद्याप्रमाणे ऊस आल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी द्यायची, पण साखर विकली जाते पुढच्या वर्ष-दीड वर्षात. मधला काळ मालतारण कर्जावर काढायचा: गोदामातली पोती बँकेकडे गहाण, त्यावर उचल, आणि पोतं विकलं की त्यातून बँकेचं येणं आधी कापायचं. म्हणजे साखर कारखान्याला पैशाची सगळ्यात जास्त चणचण जानेवारी ते मार्चमध्ये. राज्यं नेमकी याच तीन महिन्यांत वर्षभराचं अडलेलं कर्ज उचलायला धावतात. त्यांच्या लिलावांचं वेळापत्रक रिझर्व्ह बँक तिमाहीच्या आधी जाहीर करते. जानेवारी ते मार्च २०२५ या तीन महिन्यांसाठी राज्यांनी सांगितलेला आकडा होता ४ लाख ७३ हजार कोटी. वर्षभराच्या कर्जाचा मोठा हिस्सा एका तिमाहीत.

समजा एका कारखान्याने हंगामात दहा लाख टन गाळप केलं आणि वर्षभर त्याचं मालतारण सरासरी दोनशे कोटी राहिलं. व्याज एक टक्का चढलं की खर्च वाढतो दोन कोटींनी. दहा लाख टनांवर तो वाटला तर टनामागे वीस रुपये. एफआरपीच्या वर पन्नास द्यायचे की शंभर, यावर वार्षिक सभेत चप्पल हातात येईपर्यंत भांडणं होतात, आणि हे वीस रुपये अहवालात ‘व्याज व बँक खर्च’ या एका ओळीत असतात. ती ओळ मागच्या वर्षाच्या अहवालाशी ताडून बघायला पाच मिनिटं लागतात. कर्जाची सरासरी रक्कम तेवढीच असून व्याज वाढलेलं दिसलं, तर संचालकांना पहिला प्रश्न तिथे विचारावा: दर कोणत्या महिन्यात ठरवून घेतला, आणि त्या महिन्यातल्या मंगळवारी राज्यांचे रोखे किती टक्क्यांनी गेले होते?